माणूस कसा आहे, हे विचारू नका

यंदाच्या अंकाचा विषय ‘विश्वास’ असल्याचं संपादकांनी कळवलं आणि मी भोसरीला जायचं ठरवलं. तिथल्या एमआयडीसीतला लहान कारखानदार वर्षातून दोन-चार वेळा एक मोठी जोखीम घेतो. मशिनं, त्यांवर काम करणारी माणसं आणि पार्टीला जायचा माल तो अशा एखाद्याच्या हाती सोपवतो, ज्याला तो जेमतेम दोनदा भेटलेला असतो. त्याआधी त्याच्याजवळ असतं काय? एक बायोडेटा, दोन मुलाखती आणि उमेदवाराच्या आधीच्या साहेबांना केलेला एक फोन. मला त्या फोनबद्दल जाणून घ्यायचं होतं. तो कसा करतात, त्यात काय विचारतात आणि त्यातून खरंच काही कळतं का?

मी ज्या कारखान्यात जाऊन बसले, तिथे बाहेरून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग होतं आणि माल ट्रॅक्टर-दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना जातो. सत्तरेक माणसं, दोन पाळ्या. मालकीणबाई स्वतः मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या. वडिलांच्या मागे कारखाना त्यांनीच सांभाळला. त्यांना प्रॉडक्शन इन-चार्ज हवा होता, आणि याआधी याच जागेवर घेतलेला माणूस सात महिन्यांत सोडून गेला होता.

“त्याचा रेफरन्स मी घेतला होता,” बाई म्हणाल्या. “त्याच्या आधीच्या साहेबांना विचारलं, माणूस कसा आहे? ते म्हणाले, एकदम चांगला, डोळे झाकून घ्या. दोन मिनिटांत फोन संपला.” त्या माणसाने कधीही रात्रपाळी एकट्याने सांभाळलेली नव्हती, हे त्यांना नंतर कळलं. आधीच्या कंपनीत रात्री एक सीनियर असायचा आणि अडचण आली की निर्णय तो घ्यायचा. इथे रात्री अडीच वाजता टूल तुटलं की विचारायला कोणी नव्हतं. “ते साहेब खोटं बोलले नाहीत. माणूस चांगलाच होता. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. माझा प्रश्नच फुकट गेला.”

‘चांगला आहे’ का म्हणतात

आपल्याकडे नोकरीसाठी चौकशीचा फोन आला की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा: मी दोन शब्द वाकडे बोललो आणि त्याची नोकरी हुकली तर? कोणाच्या पोटावर पाय द्यायचं पाप कोणालाच नको असतं. शिवाय ज्याच्याबद्दल विचारतात तो आता आपल्याकडे नाही, विचारणारा अनोळखी आहे, आणि खरं सांगून आपल्या पदरात काहीच पडत नाही. मग ‘चांगला आहे, काही प्रॉब्लेम नाही’ हे सगळ्यांत सोपं उत्तर ठरतं. कधी कधी यात दुसराही हिशेब असतो. नकोसा झालेला माणूस लवकर दुसरीकडे लागावा, म्हणूनही त्याची तारीफ होते.

मोठ्या कंपन्यांत याच्या उलट टोक दिसतं. तिथला एचआर विभाग फक्त पद आणि तारखा सांगतो, त्यापलीकडे एक शब्द नाही. त्यामुळे चौकशी करणाऱ्याच्या हाती एकतर नुसती स्तुती येते किंवा नुसत्या तारखा. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नोकरभरतीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. पद्धतीने दिलेला अंदाज आणि माणसाचं प्रत्यक्ष काम यांच्यात काहीच संबंध नसेल तर शून्य आणि दोन्ही तंतोतंत जुळत असतील तर एक, अशा मापावर आखीव मुलाखतीला ०.५१ मिळाले होते आणि रेफरन्सला ०.२६. म्हणजे रेफरन्स निरुपयोगी नाही, पण नेहमीच्या पद्धतीने घेतला तर त्यातून थोडंच हाती लागतं. भोसरीत जे पाहिलं त्यावरून मला वाटतं, की हे दुबळेपण बरंचसं विचारण्याच्या पद्धतीतून येतं.

कागद आधी, फोन नंतर

बाईंनी फोन करण्याआधी कागद बघून घेतले. त्यांचं म्हणणं असं, की जे कागदावर कळतं त्यासाठी कोणाच्या साहेबांचा वेळ घेऊ नये. उमेदवाराकडून त्यांनी रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागवली. पीएफचा यूएएन नंबर माणसासोबत एका कंपनीतून दुसरीत जातो, त्यामुळे त्याच्या खात्यात कोणत्या आस्थापनेत कधी लागला आणि कधी सुटला याच्या नोंदी सापडतात. त्या उमेदवारानेच आपल्या लॉगिनमधून काढून द्यायच्या असतात.

या नोंदी वाचतानाही घाई करून चालत नाही. दुसऱ्या एका उमेदवाराने एका बड्या कंपनीत चार वर्षं काम केल्याचं लिहिलं होतं आणि पीएफमध्ये त्या कंपनीचं नावच नव्हतं. थापा मारतोय असं वाटण्यासारखी गोष्ट होती. प्रत्यक्षात तो त्या कंपनीच्या आवारातच कामाला होता, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर, आणि पीएफ ठेकेदाराच्या नावाने भरला जात होता. आपल्या औद्योगिक पट्ट्यात असे हजारो लोक आहेत. तसंच पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, त्यामुळे छोट्या वर्कशॉपमधली दोन वर्षं त्यात दिसणारच नाहीत. कागदात फट दिसली तर आधी उमेदवाराला विचारायचं आणि मगच मत बनवायचं, हा बाईंचा नियम मला फार योग्य वाटला.

कागदांवरून माणूस तिथे होता एवढं कळतं. तिथे त्याने काय केलं, हे विचारायला माणसंच लागतात.

साहेबांचं नाव मुलाखतीतच

या वेळच्या उमेदवाराचा अनुभव अकरा वर्षांचा, तोही डिप्लोमावालाच. बायोडेटात दोन आकडे ठळक अक्षरांत होते: आधीच्या कंपनीत रिजेक्शन ४.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आणलं, आणि मशिनच्या सेटिंगचा वेळ ११० मिनिटांवरून ४५ मिनिटांवर.

मुलाखतीच्या शेवटी बाईंनी त्याला विचारलं, “तिथे तुमचे साहेब कोण होते?” त्याने नाव सांगितलं. “आम्ही त्यांना फोन करू, तेव्हा ते तुमच्या कामाबद्दल काय चांगलं सांगतील? आणि कुठे कमी पडलात म्हणतील?” तो थोडा थांबला. म्हणाला, “सेटिंगचं काम आवडलं होतं त्यांना. कमी म्हणाल तर, रिपोर्टिंगमध्ये कमी पडायचो असं म्हणतील.” बाईंनी हे उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवलं.

ब्रॅडफर्ड स्मार्ट या अमेरिकी सल्लागाराने ही पद्धत बरीच रुजवली. तिच्यामागची समज सोपी आहे. फोन नक्की होणार आणि तोही ज्याच्या हाताखाली काम केलं त्यालाच होणार, हे उमेदवाराला आधी कळलं की तो स्वतःहूनच बरंचसं खरं सांगतो. आणि त्याने काय सांगितलं ते लिहून ठेवलं, की नंतर साहेबांचं बोलणं त्याच्या शेजारी ठेवून बघता येतं. दोन्ही जुळलं तर माणूस स्वतःला ओळखतो, हीच एक मोठी गोष्ट कळते.

स्मार्ट यांच्याच पद्धतीतला आणखी एक भाग बाई पाळतात. फोनची वेळ उमेदवारानेच साहेबांशी बोलून ठरवायची. ओळखीच्या माणसाने सांगून ठेवलेलं असलं की साहेब मोकळेपणाने बोलतात, आणि त्या माणसाची परवानगी आहे हेही त्यांना माहीत असतं. एखाद्याला जुना साहेब फोनवर आणताच येत नसेल तर तीही माहिती असते, पण तिच्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. साहेब निवृत्त झालेले असतात, परदेशी गेलेले असतात, कधी भांडण साहेबांच्या बाजूने असतं. अशा वेळी त्याच्या वरचा किंवा शेजारच्या विभागाचा कोणी मिळतो का, ते बघायचं.

सध्याच्या कंपनीत मात्र फोन करायचा नाही. माणूस नोकरी शोधतोय हे तिथे कळलं आणि इथे त्याचं जमलं नाही, तर त्याची दोन्हीकडून पंचाईत. तिथला रेफरन्स ऑफर दिल्यावर, त्याने राजीनामा दिल्यावर आणि त्याच्या संमतीनेच.

संध्याकाळचा फोन

त्याचे आधीचे साहेब तिथले प्लँट हेड. त्यांना फोन संध्याकाळी सातनंतर लावला, कारण त्या वेळी प्लँट हेड मीटिंगमध्ये नसतो आणि शेजारी ऐकणारं कोणी नसतं. वीस मिनिटं लागतील असं आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंनी सुरुवात केली ती उमेदवारापासून नाही.

“साहेब, तो तुमच्या हाताखाली कधीपासून कधीपर्यंत होता? तुमची त्याची गाठ रोज पडायची, की आठवड्याच्या मीटिंगमध्ये?”

मला हा प्रश्न औपचारिक वाटला होता, पण पुढच्या प्रत्येक उत्तराचं वजन यावर ठरतं. रोज शॉप फ्लोअरवर सोबत असलेल्या माणसाचं बोलणं आणि महिन्यातून एकदा आकडे बघणाऱ्या डायरेक्टरचं बोलणं सारखं धरता येत नाही. हे साहेब अडीच वर्षं रोज सकाळी सव्वानऊला त्याच्यासोबत मशिनवर उभे राहिलेले होते.

“तो आला तेव्हा तुमच्याकडे कामाची काय परिस्थिती होती?” हा दुसरा प्रश्न. साहेब सांगू लागले. चार पार्टी, महिन्याला साधारण चाळीस हजार पीस, रिजेक्शनने हैराण. त्यात एक हाउसिंग होतं, महिन्याला आठेक हजार. त्याच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघायचे, शंभरात बारा पीस फेकावे लागायचे.

“मग ते कमी कसं झालं?”

“ते हाउसिंग आम्ही बंदच केलं हो. पार्टीने दुसरीकडे दिलं.”

बाईंनी वहीच्या कडेला हिशेब मांडला. चाळीस हजारांचे ४.२ टक्के म्हणजे १६८० पीस. त्यातले हाउसिंगचेच ९६०. हाउसिंग गेलं की उरले ३२ हजार पीस आणि त्यांत ७२० रिजेक्ट, म्हणजे सव्वादोन टक्के. कोणी बोटही न हलवता ४.२ चे २.२५ झाले असते. तिथून १.१ पर्यंत जे आलं, ते कोणाचं, हा खरा प्रश्न होता, आणि बाईंनी तोच विचारला: “उरलेल्या पार्टमध्येही रिजेक्शन निम्म्यावर आलेलं दिसतंय. त्यात त्याने स्वतः काय केलं?”

इथे साहेबांचा आवाज बदलला. आठवून आठवून सांगायला लागले. आधी ऑपरेटर साइज बाहेर जाईपर्यंत इन्सर्ट बदलत नसत. त्याने प्रत्येक पार्टसाठी इन्सर्टचं आयुष्य मोजून काढलं आणि अमुक इतके पीस झाले की धार असो नसो इन्सर्ट बदलायचा, असा नियम मशिनवर लिहून लावला. सेटिंगनंतरचा पहिला पीस तपासून झाल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, हे तर आधीही कागदावर होतंच. त्याने ते खरोखर पाळायला लावलं. आणि सेटिंगचा वेळ? “ते शंभर टक्के त्याचंच काम. सॉफ्ट जॉ मशिन बंद ठेवून तिथेच बोअर करायचे आमच्याकडे. त्याने जॉचा दुसरा सेट बनवून घेतला, आधीच तयार ठेवायचा. टूल, गेज, प्रोग्रॅम सगळं आदला जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर. जॉब संपला की लगेच बदली.”

एवढ्या बोलण्यात बाईंना जे मिळालं, ते ‘माणूस कसा आहे’ विचारून कधी मिळालं नसतं. बायोडेटातला पहिला आकडा अर्ध्याहून अधिक परिस्थितीने दिलेला होता, तरी उरलेला भाग भक्कम होता. दुसरा आकडा पूर्णपणे त्याचा होता. विशेषणं विचारली की माणूस ओळखीला जागतो. काम विचारलं की तो आठवणीत जातो, आणि आठवण तपशिलाने बोलते. ज्याने काम बघितलेलंच नाही त्याच्याकडे तपशील नसतो, तेही लगेच ऐकू येतं.

उणं कसं विचारायचं

‘त्याच्यात काय कमी आहे?’ असं सरळ विचारलं की दार बंद होतं. ‘जरा जास्तच मन लावून काम करतो’ अशी उत्तरं येतात. बाईंनी वेगळी वाट घेतली. “साहेब, मी त्याला घ्यायच्या विचारात आहे. मला त्याच्याकडून काम नीट करून घ्यायचंय. दहापैकी किती मार्क द्याल त्याला, त्या जागेवर काम केलेल्या सगळ्यांशी तुलना करून?”

“आठ.”

“आठ म्हणजे चांगलेच की. नऊ व्हायला काय हवं होतं?”

यावर बाई गप्प बसल्या. साहेब पाच-सहा सेकंद काही बोलले नाहीत. मला ती शांतता अवघड वाटली, पण बाईंनी ती मोडली नाही. आपणच मधे बोललो की समोरच्याची सुटका होते, असं त्या नंतर म्हणाल्या. उणं सांगणं म्हणजे पोटावर पाय वाटतं, पण आठाचे नऊ कसे झाले असते हे सांगणं म्हणजे मदत वाटते. माहिती तीच असते.

“बघा मॅडम, त्याला वाईट बातमी द्यायला जड जायचं.”

“एखादा प्रसंग आठवतो?”

प्रसंग होता. एका लॉटमध्ये बोअर ओव्हरसाइज गेला होता. दुसऱ्या पाळीत रात्री दहाच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं. त्याने कोणालाच फोन केला नाही. दोन माणसं घेऊन पहाटेपर्यंत स्टोअरमधला माल एकेक करून तपासला आणि खराब पीस बाजूला काढले. पण त्याच लॉटचे सहाशे पीस आदल्या दिवशीच डिस्पॅचला लागलेले होते, ते सकाळच्या गाडीने गेले. दुपारी पार्टीचा फोन आला तेव्हा साहेबांना कळलं. मग पार्टीच्या आवारात जाऊन सॉर्टिंग, त्याचा खर्च, आणि बसलेला डाग. “रात्री मला फोन केला असता तर गाडी थांबवली असती. त्याने कष्ट केले, पण एकट्याने केले.”

बाईंनी शेवटचे दोन प्रश्न विचारले. “त्याला कोणत्या कामाला एकटं पाठवाल आणि कोणत्या कामाला सोबत कोणी द्याल?” साहेब म्हणाले, नवीन पार्ट लावायचा असेल तर बिनधास्त एकटा, पार्टीशी बोलायचं असेल तर सोबत कोणी हवं. “आणि तुमच्याकडे जागा निघाली तर परत घ्याल?” उत्तर लगेच आलं: “घेईन. सेटिंगवर तर उद्या घेईन.” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ यापेक्षा उत्तर किती लवकर येतं आणि कोणत्या जागेसाठी येतं, याकडे कान द्यायचा असतो. ‘तसं बघायला गेलं तर’ अशी सुरुवात झाली, की पुढे काय आहे ते विचारून घ्यायला हवं.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, “त्याचं काम जवळून बघितलेलं आणखी कोण आहे?” साहेबांनी क्वालिटीच्या इन-चार्जचं नाव सांगितलं.

दुसरा आवाज, तिसरा आवाज

नवीन नाव मिळालं तरी बाईंनी लगेच फोन फिरवला नाही. आधी उमेदवाराला कळवलं, त्याचा होकार घेतला. मग क्वालिटीच्या बाईंशी बोलणं झालं, आणि त्यात कथेला दुसरी बाजू मिळाली.

ओव्हरसाइज बोअरचा प्रसंग त्यांनाही आठवत होता. त्याआधी एकदा छोटासा असाच प्रकार झाल्याचंही त्या म्हणाल्या. म्हणजे एकदाची चूक नव्हती, सवय होती. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते साहेबांनी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलंही नसतं. सकाळच्या मीटिंगमध्ये जो वाईट बातमी आणेल त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसायची. प्लँट हेड तापट. “आम्ही सगळेच आधी निस्तरायचं बघायचो आणि मग सांगायचो. तोच एकटा नव्हता.”

रेफरन्सचा सगळ्यांत महत्त्वाचा धडा मला इथे दिसला. साक्ष देणारा उमेदवाराबद्दल सांगतो, तेव्हा आपल्याबद्दलही सांगत असतो. एकाच माणसाला विचारलं असतं तर ‘बातमी दडवतो’ हा या तरुणाच्या स्वभावावर कायमचा शिक्का झाला असता. दुसऱ्या बाजूने बघितल्यावर ती एका विशिष्ट जागी अंगवळणी पडलेली वागणूक दिसली. दोष नाहीसा झाला नाही, पण तो कशाने वाढतो आणि कशाने कमी होऊ शकेल, हे कळलं. म्हणून एका फोनवर कधी थांबू नये. वरचा एक, बरोबरीचा एक आणि हाताखालचा एक, असे तीन कोन मिळाले तर चित्र उभं राहतं. तिघंही एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रसंगांतून सांगत असतील तर ती धरायची. तिघांच्या तोंडी एकच वाक्य असेल तर मात्र आधीच शिकवलेलं असण्याची शक्यता धरायची.

तिसरा फोन त्याच्या हाताखाली काम केलेल्या सेटरला. तो आता चाकणला असतो. साहेबाबद्दल बोलायला आधी बिचकला, मग बाईंनी विचारलं, “त्यांच्याकडून काय शिकलात?”

“ऑफसेट द्यायला शिकलो, मॅडम. आधीचे सर सोताच द्यायचे आन निघून जायचे. हे मागं उभं राह्यचे आन आम्हालाच द्यायला लावायचे. चुकलं तर ओरडायचे नाहीत. पीस मोजायला लावायचे, किती चुकलं ते तूच सांग म्हणायचे.”

हाताखालच्या माणसाला ‘साहेब कसे होते’ विचारलं तर तो घाबरतो. काय शिकलास असं विचारलं की साहेबाची माणसं घडवण्याची रीत आपोआप पुढे येते. ज्याच्याकडून कोणी काही शिकलं नाही, त्याच्याबद्दल इथे उत्तर सुचत नाही.

जिथे थांबायचं

काही प्रश्न बाईंच्या यादीत नव्हते, आणि ते नसणं मला तितकंच महत्त्वाचं वाटलं. कोणत्या समाजाचा, लग्न झालंय का, घरी आजारपण आहे का, युनियनमध्ये होता का, मूल होणार आहे का. हे प्रश्न आपल्याकडे गप्पांच्या ओघात सहज विचारले जातात आणि उत्तरंही सहज मिळतात. त्यांचा कामाशी संबंध नसतो, पण एकदा कानावर पडलं की निर्णयात शिरतं. समोरच्याने आपणहून असं काही सांगायला सुरुवात केली तर बाई विषय बदलतात आणि ते वहीत लिहीत नाहीत.

उमेदवाराची संमती त्या लेखी घेतात: कोणाकोणाशी बोलणार, कशाबद्दल बोलणार आणि ती नोंद किती काळ ठेवणार. वैयक्तिक माहिती गोळा करताना माणसाला कारण सांगून त्याची संमती घ्यावी, हाच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा गाभा आहे. निवड झाली नाही तर त्याची पानं फाडून टाकायची, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला आहे.

आणि लपूनछपून चौकशी? ‘आमच्या ओळखीचा एकजण तिथे आहे, त्याला विचारतो’ ही तर आपली जुनीच रीत. ती सरसकट वाईट म्हणता येणार नाही, पण तिच्यात दोन धोके आहेत. तो ओळखीचा माणूस बहुतेक वेळा काम न बघता कँटीनमधली चर्चा सांगतो. आणि उमेदवाराला आपली बाजू मांडायची संधीच मिळत नाही. बाईंचा नियम असा, की फोनवर काही गंभीर कळलं तर उमेदवाराला समोर बसवून त्याबद्दल विचारायचं. कोणी सांगितलं ते उघड करायचं नाही, पण प्रसंग विचारायचा.

निर्णय

त्या तरुणाला त्यांनी पुन्हा बोलावलं. विचारलं, “रात्री दहा वाजता लक्षात आलं की लॉट ओव्हरसाइज आहे. सकाळी गाडी जाणार आहे. काय कराल?” त्याने खाली बघितलं आणि मग तो जुना प्रसंग स्वतःहून सांगितला, गाडी गेल्याचंही. मुलाखतीत ‘रिपोर्टिंगमध्ये कमी पडायचो’ म्हणाला होता, ते हेच होतं. रिजेक्शनच्या आकड्याबद्दल विचारल्यावर हाउसिंग बंद झाल्याचंही त्याने मान्य केलं. “बायोडेटात सगळेच तसं लिहितात,” म्हणाला. बाईंनी त्याला सांगितलं, की इथे आकडा सांगताना त्यात काय काय मिसळलंय तेही सांगायचं.

त्यांनी त्याला घेतलं. पण रेफरन्समधून जे कळलं त्यावरून तीन गोष्टी पहिल्या दिवसाआधीच ठरवल्या. रात्री गाडी थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या इन-चार्जला, आणि थांबवल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही. नंतर शंका खोटी ठरली तरीही नाही. सकाळच्या मीटिंगची सुरुवात काल काय बिघडलं यानेच, आणि पहिली बातमी बाई स्वतः सांगणार. पार्टीशी बोलताना पहिले सहा महिने क्वालिटीचा माणूस सोबत. आधीच्या माणसाच्या वेळी असं काहीच ठरलं नव्हतं, कारण ठरवण्यासारखं काही कळलंच नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी आपले अंदाज तारखेसह लिहिले: सेटिंगचा वेळ लवकर कमी होईल, ऑपरेटर शिकतील, वाईट बातमी सुरुवातीला उशिरा येईल. सहा महिन्यांनी हे पान उघडून प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. आपल्याला ऐकता आलं की नाही, कोणत्या प्रश्नाने खरं सांगितलं आणि कोणत्याने फसवलं, हे कळायला दुसरा मार्ग नाही. अशा पाच-सात नोंदी जमल्यावर त्यांनी आपल्या यादीतले काही प्रश्न काढून टाकले. ‘त्याची ताकद कोणती’ हा त्यातलाच एक. त्याला येणाऱ्या उत्तराचा पुढच्या कामाशी कधी मेळच बसला नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजू प्रत्येक मालकावर आणि साहेबावर येते. आज चौकशी करणाऱ्याला उद्या कोणीतरी फोन करणारच आहे. खरं बोललं तर बदनामीचा दावा होईल, अशी भीती अनेकांना वाटते. पण भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ ला, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आलं आहे, अपवाद जोडलेले आहेत. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान त्यात बसतं. सद्भावना म्हणजे काळजी घेऊन बोलणं: जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच, प्रसंगासह, आणि जे ऐकीव आहे ते सोडून. ‘बेभरवशाचा आहे’ हे मत झालं. ‘अमुक वेळी माल खराब असल्याचं रात्री कळूनही त्याने दुपारपर्यंत सांगितलं नाही’ ही घटना झाली. तिच्यासोबत ‘आमच्याकडे बातमी आणणाऱ्यालाच बोलणी बसायची’ हे जोडायची हिंमत त्या प्लँट हेडनी दाखवली असती, तर ती साक्ष पुरी झाली असती.

चौकशीचा फोन आला तर मी तरी यापुढे ‘चांगला आहे’ म्हणून मोकळी होणार नाही. त्या माणसाने केलेलं एक काम सांगेन, तो अडलेला एक प्रसंग सांगेन आणि तो प्रसंग कोणत्या परिस्थितीत घडला तेही सांगेन. नोकरी मिळणाऱ्याला त्यातून त्याच्या जोगी जागा मिळते, आणि देणाऱ्याला कळतं की पहिल्या दिवसापासून या माणसासाठी आपण काय करून ठेवायचं आहे.